पावणेअकरा टक्क्यांचा जावई

वसुमतीला राग आला की ती ओरडत नसे, भांडत नसे, भांडीसुद्धा आपटत नसे. ती गोड बोलायला लागे. रघुरामाशी ती गेली सहा वर्षं इतकी गोड बोलत होती, की तंजावुरातल्या नातेवाइकांना वाटे, झालं गेलं विसरली बिचारी. विसरते कसली! तिने तो राग लोणच्यासारखा मुरत ठेवला होता, आणि बरणीचं झाकण कधी काढायचं याचीच ती वाट पाहत होती.

रघुराम म्हणजे तिच्या नणंदेचा, सरोजाचा, नवरा. एका फायनान्स कंपनीला गिऱ्हाइकं आणून द्यायची आणि कमिशन घ्यायचं, हा त्याचा धंदा. कर्जावर कमिशन, कर्जाच्या पाठीला बांधलेल्या विम्यावर आणखी कमिशन. कपाळाला गंध, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि व्याजाचा दर असा सांगणार की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस पदरचे पैसे घालून आपल्यावर उपकार करतोय.

दहा वर्षांपूर्वी वसुमतीच्या नवऱ्याला, त्यागराजाला, लग्नपत्रिका छापायचं मशीन घ्यायचं होतं. कर्ज रघुरामानेच आणून दिलं. दर कमी होता म्हणून त्यागराज खूश झाला. सोबत विमा होता, "तुम्हांस काही झालं तर कंपनी फेडील" म्हणून. पाच वर्षांचं कर्ज, आणि विमा तीनच वर्षांचा! चौथ्या वर्षी त्यागराज छातीत दुखतंय म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत गेला. विमा तेव्हा संपलेला होता. उरलेलं कर्ज फेडायला वसुमतीने तिरुवैयारुची, कावेरीकाठची नारळाची बाग विकली. ती बाग तिच्या आईने तिच्या नावावर केली होती.

तेही तिने गिळलं असतं. पण तेराव्याला पंगतीत बसून, पानावरच्या बोळीवर, म्हणजे पुरणपोळीवर, तूप ओतून घेत रघुराम म्हणाला होता, "वाचायला हवं होतं, वैनी."

एवढंच वाक्य. सहा वर्षं ते तिच्या कानात होतं. ती बी. कॉम. होती, बाग गेल्यावर एका ऑडिटरच्या ऑफिसात नोकरीला लागली, आणि तिथे लोकांची कर्जाची कागदपत्रं वाचता वाचता तिला पुरतं कळलं, की आपल्या नवऱ्याला कुठे कुठे कापलं होतं. त्या माणसाला आपण बदडून काढावं असं तिला वाटे. खरंच वाटे. पण बाई माणसाने जावयाला बदडायची सोय आपल्याकडे अजून झालेली नाही.

उलट तिच्या सासरच्या घरात जावयाला साधा प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. राजवाड्याच्या मागच्या गल्लीतलं ते मराठी घर, आणि त्या घरची एक जुनी रीत होती. कुठलंही नवं काम काढलं, जागा, दुकान, कर्ज, काहीही, की त्याचा कागद तबकात घालून देवापुढे ठेवायचा आणि घरच्या जावयाने तो मोठ्याने वाचायचा. वाचन चालू असताना त्याला मध्ये टोकायचं नाही. आणि एकदा हातात घेतलेला कागद त्यानेही अर्धा टाकायचा नाही. टाकला तर काम बुडतं, असं म्हणत. रघुरामाला हे फार सोयीचं पडे. तो हवं तेवढं पान काढून तबकात ठेवी, दर आणि हप्ता खणखणीत वाचून दाखवी, आणि घर हात जोडून ऐके. एवढी शिकलेली माणसं, पण जावयाला विचारायचं म्हटलं की सगळ्यांच्या जिभेला कुलूप!

यंदा पाळी आली दिव्यश्रीवर. दिव्यश्री म्हणजे वसुमतीच्या थोरल्या दिराची, गुरुमूर्तींची, मुलगी. फिजिओथेरपी शिकलेली, वय सत्तावीस, आणि पापनाशमला स्टेशनजवळ स्वतःचं क्लिनिक काढायचं तिने मनात घेतलेलं. मशीनं, टेबलं, जागेचं डिपॉझिट, सगळं मिळून दहा लाख लागणार होते, पाच वर्षांच्या मुदतीने. गुरुमूर्ती निवृत्त हेडमास्तर. त्यांची पेन्शन घर चालवण्यापुरती.

"पावणेअकरा टक्के!" रघुराम ओसरीवर बसून म्हणाला. "सरकारी बँकेत जाल तर पावणेबारा. वर दहा चकरा. माझ्यात आणि तिच्यात पुरता एक टक्का. हा अशुभ आडी महिना संपूं द्या, पुढचा आवणी लागला कीं सही करूं."

"सरि, मापळे," गुरुमूर्तींनी होकार दिला. जावयाला ते तमिळांसारखं मापळेच म्हणत.

वसुमती आतून फिल्टर कापी घेऊन आली. "केवढी सोय होते हो आम्हांस तुमच्यामुळे," ती म्हणाली. साखर तिने दोन चमचे जास्त घातली होती.

त्याच आठवड्यात तिने दिव्यश्रीला सांगितलं, की त्या सरकारी बँकेतही अर्ज टाकून ठेव, आणि दोन्हीकडून जो एक कागद येईल तो मला फोनवर पाठव. तो कागद म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टी एका जागी मांडलेला तक्ता. हल्ली सही घेण्याआधी तो प्रत्येक कर्जदाराला द्यावाच लागतो. हातात किती पडणार, फी किती, विमा किती, हप्ता किती, आणि हे सगळं धरून खरा वार्षिक दर किती बसतो, हे त्यात छापलेलं असतं. त्यागराजाच्या वेळी असं काही नव्हतं.

दोन्ही कागद आले. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वसुमतीने ते शेजारी शेजारी मांडले, आणि डब्यातला दहीभात तसाच राहिला.

रघुरामाच्या कंपनीचा दर खरोखरच पावणेअकरा होता. खोटं तो बोलतच नसे; तेवढंच बोलून थांबे. कर्ज दहा लाखांचं नव्हतं, दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांचं होतं. वरचे अठ्ठेचाळीस हजार म्हणजे विम्याचा हप्ता, एकरकमी, कर्जातच मिसळलेला. म्हणजे त्या विम्यावरही पाच वर्षं व्याज. प्रोसेसिंग फी दोन टक्के, तीही विम्यासकट रकमेवर, आणि त्यावर जीएसटी. चोवीस हजार सातशे तेहेतीस रुपये देतानाच कापून घेणार. महिन्याचा हप्ता बावीस हजार सहाशे छप्पन्न. पाच वर्षांचे हप्ते आणि फी मिळून दिव्यश्रीच्या खिशातून जाणार तेरा लाख चौऱ्याऐंशी हजार.

बँकेचा दर पावणेबारा. फी अर्धा टक्का, जीएसटी धरून पाच हजार नऊशे. विमा नाही. हप्ता बावीस हजार एकशे अठरा. सगळं मिळून तेरा लाख तेहेतीस हजार.

एक टक्का स्वस्त असलेलं कर्ज एक्कावन्न हजारांनी महाग होतं. कंपनीच्या स्वतःच्या कागदावर खरा वार्षिक दर छापला होता तेरा पूर्णांक त्र्याण्णव, आणि बँकेच्या कागदावर बारा पूर्णांक शून्य एक. सोबतच्या विम्याच्या फॉर्मवर मुदत लिहिली होती: छत्तीस महिने.

छत्तीस महिने! पुन्हा तेच! स्वतःच्या भाचीला हा माणूस तोच विमा विकत होता, ज्याने वसुमतीचं कपाळ पांढरं झाल्यावर तिची बागही नेली होती. सापडलास, ती मनात म्हणाली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मग ऑफिसच्या सवयीने तिने आणखी एक हिशोब केला. तो विमा सक्तीचा नव्हताच. असा विमा घ्यायचा की नाही हे कर्ज घेणाऱ्याच्या मर्जीवर असतं. तो काढून टाकला तर काय होतं? दहा लाखांवर पावणेअकराने हप्ता एकवीस हजार सहाशे अठरा. फी तेवीस हजार सहाशे. एकूण तेरा लाख वीस हजार सहाशे ऐंशी.

बँकेपेक्षा बारा हजार तीनशेंनी कमी.

वसुमती पडद्याकडे बघत बसली. फी धरून खरा वार्षिक दरही तिने काढून पाहिला. तोही बँकेपेक्षा किंचित खालीच येत होता. म्हणजे त्या चोराला विमा काढून टाकायला लावला, तर त्याचंच कर्ज सरस ठरणार होतं. सही त्याच्याकडेच होणार, कमिशन त्यालाच मिळणार, आणि वर हा गावभर सांगत फिरणार, की वैनीने तपासलं आणि माझंच निघालं. छे! तिने तो तिसरा हिशोब पुसून टाकला. कुणी मागितला होता तो? पहिले दोन कागद तिने छापून घेतले आणि दहीभात खाल्ला.

आवणीतल्या एका बुधवारी वाचन ठरलं. बुधवारी बाराला राहुकाळ लागतो, त्याआधी आटपायचं होतं. देवघरापुढे गुरुमूर्ती, दिव्यश्री आणि सरोजा बसले होते. स्वयंपाकघरातून दह्यात कालवलेल्या डांगराच्या पच्चडीच्या फोडणीचा वास येत होता. तबक आज वसुमतीने सजवलं होतं. रघुरामाने काढून ठेवलेलं पान खाली सारून तिने वर ते दोन तक्ते आणि विम्याचा फॉर्म ठेवला होता, आणि त्यावर हळदीकुंकू वाहिलं होतं.

रघुरामाने कागद उचलला आणि त्याच्या चेहऱ्यावरची इस्त्री जराशी बिघडली. "हें कुठलं?" तो म्हणाला. "मी ठेवलेला कागद..."

"तोही आहे खाली. हा तुमच्याच कंपनीचा, भावजी. हातीं घेतलात, आतां वाचा," वसुमती म्हणाली. "अर्धा टाकूं नये."

तिने अशा काही भक्तिभावाने हात जोडले, की बघणाऱ्याला वाटावं, पोथी चालू आहे.

रघुराम वाचायला लागला. दर मोठ्याने वाचला. मंजूर रक्कम वाचताना आवाज खाली गेला. गुरुमूर्तींच्या भुवया वर चढल्या. दहा लाख मागितले होते, हे दहा लाख अठ्ठेचाळीस कुठून आले? पण त्यांनी टोकलं नाही, रीतच होती तशी. फी वाचली. विम्याचा हप्ता वाचला. खरा वार्षिक दर वाचायच्या आधी त्याने खाकरून पाणी मागितलं. सरोजाने आणून दिलं. पिऊन झाल्यावर दर तिथेच होता.

"तेरा पूर्णांक त्र्याण्णव," रघुराम म्हणाला.

"पुढे विम्याचं आहे," वसुमतीने हळूच सांगितलं. "मुदत."

"छत्तीस महिने."

सरोजाने मान वर केली. भावाचा विमा किती महिन्यांचा होता, हे तीही विसरलेली नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

मग बँकेचा कागद. तोही त्यालाच वाचावा लागला, हप्ता, फी, विमा निरंक, बारा पूर्णांक शून्य एक. वाचन संपलं आणि गुरुमूर्तींनी हेडमास्तरी आवाजात, चाळीस वर्षं वर्गात करत आले तसे, हप्ते साठांनी गुणले, फी मिळवली आणि वजाबाकी केली.

"एक्कावन्न हजार," ते म्हणाले. "मापळे, माझ्या मुलीकडून?"

"तें विम्याचं तसं असतं, अण्णा. सगळेच करतात. मज वाटलं, तुम्हांस कळलं असेल..."

"वाचायला हवं होतं," वसुमती म्हणाली.

सहा वर्षं सांभाळलेलं वाक्य तिने अगदी हळू उच्चारलं. रघुरामाला ते ओळखू आलं. त्याचा चेहरा पडला, आणि तो पडताना बघून वसुमतीच्या पोटात इतकं गार गार वाटलं, की म्हणून सांगता सोय नाही. खोटं कशाला बोला, तिला तेव्हा नवरा आठवला नाही, बाग आठवली नाही. फक्त हा माणूस घामाघूम झालेला दिसत होता, आणि तो तसाच दिसत राहावा असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात रघुराम म्हणाला, "विमा काढून टाकतों. आत्तां फोन करून काढतों. दर तोच राहील. विमा काढून टाकला तर माझंच स्वस्त पडेल, अण्णा. हिशोब करून पाहा. बँकेपेक्षां कमी पडेल."

आयुष्यात पहिल्यांदाच तो पुरतं खरं बोलत होता. आणि कुणीही त्याच्याकडे बघेना.

"पोदुम!" सरोजा ओरडली. पुरे! "अजून बोलतां?"

"अग, खरंच सांगतों. हिशोब करा कीं!"

गुरुमूर्तींनी मान हलवली. पुन्हा आकडे मांडायचं त्यांना त्राण राहिलं नव्हतं. ते वसुमतीकडे वळले. "तूं बोल वसुमती. विमा काढून टाकला तर कसं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. दिव्यश्रीही. पुसून टाकलेला तो आकडा वसुमतीला लख्ख दिसत होता. बारा हजार तीनशे. पोरीचे बारा हजार तीनशे. तिने रघुरामाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, अजिजीने, दारात हात पसरून उभं राहावं तसा. ही अजिजी तिने मागून घेतली नव्हती. ती आपणहून तिच्या पायाशी आली होती.

"मी वाचलंय सगळं," वसुमती म्हणाली. "तरी बँकच."

कुणी काही विचारलं नाही. गुरुमूर्ती उठले आणि म्हणाले, की यापुढे ह्या घरचा कागद वसुमती वाचील. रघुराम पच्चडी न खाता गेला. सरोजा मागे राहिली आणि देवघराच्या उंबऱ्याशी बसून रडली. वसुमतीने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि संध्याकाळी घरी जाऊन पोटभर जेवली.

पुढे बँकेचं कर्ज झालं. मशीनं आली. पापनाशमला स्टेशनच्या रस्त्यावर तमिळ अक्षरांत दिव्यश्रीच्या नावाची पाटी लागली. उद्घाटनाच्या सकाळी सगळे बसने गेले. रघुराम आला नाही, सरोजा एकटीच आली. पुढच्या खोलीत देवाचा फोटो आणि तबक मांडलं होतं. जागेचा भाडेकरार वाचायचा होता, आणि तो आता वसुमतीने वाचायचा होता. नव्या रेशमी साडीत तिला जरा ताठच वाटत होतं.

मागच्या खोलीत दिव्यश्री टेबलावर चादर घालत होती. चादरीचं दुसरं टोक धरायला वसुमती आत गेली.

"काकी," दिव्यश्री म्हणाली. तिला मराठी सगळं कळे, पण ती बोले जपून, एकेक शब्द चाचपत. "विमा काढून टाकला तर आतोबांचं स्वस्त होतं. बारा हजार तीनशे."

वसुमतीच्या हातातलं टोक सुटलं. "तुला कधी कळलं?"

"वाचनाच्या आधीच. कागद मलाच आले होते न पहिल्यांदा? मी दोन्ही वाचले. विमा वगळूनही पाहिला."

"मग तूं बोलली कां नाहींस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." दिव्यश्रीने चादर सारखी केली, कोपरे आत खोचले. "मग पाहिलं, तुम्ही बोलत नाहीं. म्हटलं, असूं दे. काकासाठीं एवढे पैसे मी दिले असते, काकी. खुशीनं दिले असते." ती थांबली, शब्द शोधत राहिली. "पण तें मी ठरवायचं होतं न?"

वसुमतीला पैसे मी देते, असं म्हणावंसं वाटलं, आणि म्हणायची लाजही वाटली. तिच्यावर मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. पण दिव्यश्रीच्या तोंडावर राग नव्हता. तिने फक्त खोचलेला एक कोपरा पुन्हा तपासला.

"या कीं लवकर, राहुकाळ लागेल!" बाहेरून गुरुमूर्तींची हाक आली.

पुढच्या खोलीत सगळे हात जोडून बसले होते. वसुमतीने तबकातून भाडेकरार उचलला आणि वाचायला लागली. जागा, मुदत, भाडं, डिपॉझिट. गुरुमूर्ती डोळे मिटून ऐकत होते. सरोजाची मान खाली होती. रघुराम वाचायचा तेव्हा हे सगळे असेच बसत, अगदी असेच. तेव्हा तीही त्यांच्यातच बसत असे. दुसऱ्या पानावर तिने वाचणं थांबवलं.

"मध्येच कुणास काही विचारायचं असेल तर विचारा," ती म्हणाली.

गुरुमूर्तींनी डोळे उघडले आणि कौतुकाने हसले. "तूं वाचतेस तर विचारायचं काय?"

वसुमतीने दिव्यश्रीकडे पाहिलं. दिव्यश्री भिंतीला टेकून उभी होती, हात जोडून, आणि तिच्याकडेच बघत होती.

"विचारा न काही," वसुमती पुन्हा म्हणाली.

कुणीच काही विचारलं नाही.